‘उघडला जातो’ म्हणजे कोण उघडतो? : सोलापुरातल्या एका स्टाइल गाइडची गोष्ट

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ देणाऱ्या कारखान्यात, मे महिन्यातल्या दुपारी मी हातात आठ पानं घेऊन उभी होते. सिलिंडरची उष्णता एका बाजूने, पत्र्याची दुसऱ्या बाजूने. समोर वीस-बावीस वर्षं हेच काम करणारे ऑपरेटर अण्णा. घरी तेलुगू, कामावर मराठी, शाळा मराठी. त्यांना म्हटलं, "अण्णा, एवढं मोठ्याने वाचून दाखवता का?" त्यांनी चष्मा लावला आणि पहिलंच वाक्य वाचलं:

"वाफेचा व्हॉल्व उघडला जाण्यापूर्वी सिलिंडरमधील साचलेले पाणी काढून टाकण्यात आले असल्याची व दाब नियंत्रक व्हॉल्व जास्तीत जास्त ३.५ बारवर निश्चित करण्यात आला असल्याची खात्री केली जावी."

मध्येच दोनदा थांबले, मागे गेले, पुन्हा वाचलं. मग चष्मा काढून विचारलं, "ताई, हे कोण करायचं ओ? मशीन करतंय, का मी करायचं?"

हे भाषांतर आमच्याच टीमचं होतं. आधी तपासलेलं, मंजूर झालेलं. आणि त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही.

काम काय होतं

आम्ही पाच जण. होटगी रोडला दोन खोल्यांचं ऑफिस. यंत्रांच्या माहितीपुस्तिका इंग्रजीतून मराठीत आणायचं काम. हे काम होतं सुताला खळ देणाऱ्या सायझिंग मशीनच्या पुस्तिकेचं. ज्यांना हे यंत्र माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: क्रील नावाच्या चौकटीवरच्या बीममधून, म्हणजे सुताच्या मोठ्या रुळांमधून, हजारो धागे एकत्र येतात, खळीच्या पेटीत बुडतात, स्क्वीझ रोलरमधून पिळून निघतात, वाफेने तापलेल्या सिलिंडरांवर वाळतात आणि शेवटी मागाच्या बीमवर गुंडाळले जातात. खळीमुळे धागा मागावर घासून तुटत नाही. चादर असो की टॉवेल, सोलापुरात माग चालायचा तर आधी सायझिंग.

पुस्तिकेचे भाग पाच जणांत वाटलेले. त्यामुळे एकाच पुस्तिकेत ‘दाब’ आणि ‘प्रेशर’, ‘करा’ आणि ‘करावे’, ‘मि.मी.’, ‘मिमी’ आणि mm असं सगळं एकत्र नांदत होतं. म्हणून मी स्टाइल गाइड लिहायला घेतली. पहिला मसुदा चौदा पानांचा झाला आणि खरं सांगायचं तर तो इंग्रजी स्टाइल गाइडचाच मराठी अवतार होता. वाक्य वीस शब्दांच्या आत ठेवा. कर्मणी प्रयोग टाळा. एकक आणि आकडा यांत एक जागा सोडा. तीनही नियम ऐकायला बरोबर. तीनही नियम मराठीत भलत्याच ठिकाणी लागले.

कर्मणी प्रयोग टाळा, म्हणजे नेमकं काय टाळा?

सुरुवात याच नियमापासून करते, कारण सगळ्यात मोठी फजिती इथे झाली.

आमची रिव्ह्यूअर मराठीत एम.ए. आहे आणि नियम दिला की ती तो पाळते. ‘दोष व उपाय’ या प्रकरणाची तिची प्रत आली तेव्हा पानं लालभडक झाली होती. "ऑपरेटरने मशीन थांबवले असेल तर…" याखाली लाल रेघ. "फिटरने बोल्ट घट्ट केला नसेल तर…" लाल रेघ. मी तिला विचारलं, यात काय चुकलं? तिने शांतपणे सांगितलं, "क्रियापद कर्माप्रमाणे बदलतंय. मशीन थांबवले, बोल्ट घट्ट केला. कर्मणी प्रयोग आहे. तुम्हीच टाळा म्हणालात."

ती व्याकरणाने शंभर टक्के बरोबर होती. मराठीत भूतकाळातलं जवळजवळ प्रत्येक सकर्मक वाक्य कर्मणी असतं. "मी भाकरी खाल्ली" हेसुद्धा कर्मणीच. ते टाळायचं म्हटलं तर भूतकाळच टाळावा लागेल. आम्हाला जे टाळायचं होतं ते ‘कर्त्याला गायब करणारं वाक्य’, आणि त्याचं मराठी रूप वेगळं आहे. शालेय व्याकरणात त्याला नवीन कर्मणी किंवा कर्मकर्तरी म्हणतात: "उघडला जातो", "केली जावी". त्याच्या जोडीला सरकारी पत्रव्यवहारातून आलेलं दुसरं रूप: "काढण्यात यावे", "निश्चित करण्यात आला".

म्हणून दुसऱ्या मसुद्यात ‘कर्मणी’ हा शब्दच काढून टाकला. नियम दिसणाऱ्या रूपांवर लिहिला: ‘-ला/-ली/-ले’नंतर ‘जाणे’ आलं, किंवा ‘-ण्यात’नंतर ‘येणे’ आलं, की थांबा. फाइलमध्ये शोधायला रेग्युलर एक्सप्रेशनच्या दोन ओळी पुरतात:

```
(ला|ली|ले|ल्या) (जा|गे)
ण्यात (ये|या|आ)
```

पहिली ओळ "ओला जाड धागा" यालाही पकडते, आणि सायझिंगच्या पुस्तिकेत ओले जाड धागे बरेच निघतात. हरकत नाही, डोळ्यांनी पाहूनच सोडायचं असतं.

पण थांबून करायचं काय? इथे अण्णांचा प्रश्नच नियम झाला. कोण करायचं? उत्तरं तीन-चारच असतात आणि प्रत्येकाला मराठीत आपलं क्रियापद आहे.

वाचणाऱ्याने करायचं असेल तर "व्हॉल्व उघडा". यंत्र आपोआप करत असेल तर "व्हॉल्व उघडतो". मराठीचं हे मोठं सुख आहे की उघडणे, बंद होणे, थांबणे, तापणे, भरणे ही क्रियापदं कर्त्याशिवाय आपली आपण चालतात. "दाब वाढला की सेफ्टी व्हॉल्व उघडतो" या वाक्यात कोणी हात लावायचा नाही, हे आपोआप कळतं. दुसऱ्या कुणी करायचं असेल तर त्याचं नाव घ्या: "फिटर व्हॉल्व लावून सील करतो". आणि नाव ठेवण्यापुरती गोष्ट असेल तर "या भागाला स्क्वीझ रोलर म्हणतात". ‘म्हटले जाते’ची गरजच नाही, आपण रोज ‘म्हणतात’च म्हणतो.

"उघडला जातो" हे रूप या चारांपैकी एकही सांगत नाही. त्यात माणूसही बसतो, यंत्रही बसतं. इंग्रजीतही ही संदिग्धता असतेच, पण आम्ही ती जशीच्या तशी उचलून आणत होतो आणि वर त्याला अचूक भाषांतर म्हणत होतो.

आता ते पहिलं वाक्य. मूळ इंग्रजीत दोन क्रिया कर्त्याविना होत्या: पाणी काढलेलं असणं आणि दाब कमी करणारा व्हॉल्व ठरावीक दाबावर लावलेला असणं. आमच्यापैकी एकाने झटकन सुधारून आणलं: "सिलिंडरमधले पाणी काढा. व्हॉल्व 3.5 bar वर लावा. वाफेचा व्हॉल्व उघडा." छोटं, सुटसुटीत. आणि चूक.

कारण कंपनीच्या इंजिनिअरला विचारल्यावर कळलं की दाब कमी करणारा व्हॉल्व ऑपरेटरने फिरवायचाच नसतो. तो फिटर लावतो आणि सील करतो. ऑपरेटरने फक्त त्याच्या पुढच्या दाबमापकावरचा काटा पाहायचा. पाणी मात्र ऑपरेटरनेच काढायचं, आणि ते खरंच आधी काढायचं, कारण थंड सिलिंडरमध्ये साचलेल्या पाण्यावर एकदम वाफ सोडली की पाण्याचा तडाखा बसतो. पाइप हादरतात, जोड निसटतात. म्हणजे एकाच इंग्रजी वाक्यात कर्त्याविना आलेल्या दोन क्रियांचे कर्ते दोन वेगळी माणसं होती. छापलं गेलं ते असं:

1. सिलिंडरमध्ये साचलेले पाणी काढा.
2. दाबमापक पाहा. दाब 3.5 bar किंवा त्याहून कमी असला पाहिजे.
3. दाब जास्त असेल तर वाफेचा व्हॉल्व उघडू नका. फिटरला बोलवा.
4. दाब बरोबर असेल तर वाफेचा व्हॉल्व उघडा.

पहिल्या खर्ड्यात आमच्यातल्या कुणीतरी चौथ्या पायरीत "हळू उघडा" लिहिलं होतं. सल्ला उत्तम, पण तो मुळात नव्हता. तो काढून आम्ही इंजिनिअरला प्रश्न पाठवला: ‘हळू’ घालू का? त्याचं उत्तर आल्यावरच जे व्हायचं ते. गाइडमध्ये यासाठी एक ओळ आहे: कर्ता ठरवता येत नसेल तर अंदाज करू नका, प्रश्न पाठवा. ही ओळ लिहायला सोपी आणि पाळायला महाग पडली. पहिल्या आठवड्यात प्रश्नांची यादी इतकी लांबली की कंपनीकडून जरा नाराजीचा फोन आला. मग आम्ही प्रश्न रोज एकेक न पाठवता प्रकरण संपल्यावर एकत्र पाठवू लागलो, आणि प्रत्येक प्रश्नात दोन पर्याय लिहून द्यायचे, म्हणजे समोरच्याला ‘अ’ किंवा ‘ब’ एवढंच कळवायचं.

याच गोष्टीचा एक धागा ‘करावे’कडे जातो. "तेल बदलावे" हा हुकूम की सल्ला? नोटीस बोर्डावर तो हुकूम असतो, आजीच्या तोंडी सल्ला. मूळ इंग्रजीत मात्र सक्ती आणि शिफारस यांसाठी वेगळे शब्द होते आणि आम्ही दोन्हींचं ‘-वे’ करून टाकलं होतं. शेवटी असं ठरलं: पायरी असेल तर ‘करा’, सक्तीची अट असेल तर ‘असलेच पाहिजे’ किंवा ‘असला पाहिजे’, शिफारस असेल तर सरळ ‘बदलणे चांगले’. ‘-वे’ला पुस्तिकेत जागा नाही. आमच्या एम.ए. रिव्ह्यूअरला ‘बदलणे चांगले’ फार घरगुती वाटतं. मला अजून वाटत नाही.

वीस शब्द की बारा?

विमान उद्योगासाठी तयार झालेल्या सरळ इंग्रजीच्या ASD-STE100 या मानकात सूचनेच्या वाक्याला वीस शब्दांची आणि वर्णनाच्या वाक्याला पंचवीस शब्दांची मर्यादा आहे. माझ्या पहिल्या मसुद्यातले वीस शब्द तिथूनच आलेले. पण अण्णा ज्या वाक्यात अडले ते मुळात इंग्रजीत तेहतीस शब्दांचं होतं आणि मराठीत सव्वीस. म्हणजे काहीही न सुधारता सात शब्द गळाले! मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात. इंग्रजीत तीन शब्द लागतात तिथे ‘सिलिंडरमधल्या’ एकटा पुरतो. इंग्रजीचे वीस शब्द मराठीला म्हणूनच सैल पडतात. आमची बरीच वाईट वाक्यं अठरा-एकोणीस शब्दांची होती आणि नियमातून बिनबोभाट सुटत होती.

मर्यादा बारावर आणली तर दुसरा प्रकार सुरू झाला. टीममधल्या एकाने शब्द जोडायला घेतले. ‘वाफदाबनियंत्रकव्हॉल्व’ हा एक शब्द झाला. मोजणी खूश, वाचणारा गारद.

खरी अडचण शब्दसंख्येत नसून क्रियापद शेवटी येण्यात आहे. मराठीत वाचणारा सगळं सामान डोक्यावर घेऊन शेवटपर्यंत चालतो आणि मग त्याला कळतं की ते कुठे ठेवायचं. त्यातही नकार सगळ्यात शेवटी. "सिलिंडर फिरत असताना दोन सिलिंडरमधल्या फटीत अडकलेला धागा हाताने ओढून काढू नका" हे वाक्य वाचताना ‘काढू’पर्यंत माणूस ‘ओढून काढा’ हेच वाचत असतो. गोंगाटात, घामेजल्या चष्म्यातून वाचणारा शेवटचा शब्द गाळू शकतो. म्हणून धोक्याच्या सूचनेत क्रम बदलला: "हात घालू नका! सिलिंडर फिरत आहेत. धागा अडकला तर आधी मशीन थांबवा." नकार पहिल्या वाक्यात, आणि तो एकटाच.

दुसरा शत्रू ‘-ऊन’. करून, काढून, फिरवून, लावून. बोलताना आपण चार ‘-ऊन’ सहज ओवतो आणि ते गोडही लागतं. पण पायरीत ते आले की चार कृतींची एक पायरी होते आणि तिसरी कृती विसरली जाते. आणि ‘-ऊन’पुढे नकार आला की अर्थच दुभंगतो. आमच्या पुस्तिकेतलं हे वाक्य बघा:

"मशीन थांबवून सूत खळीत बुडालेले ठेवू नका."

एक ऑपरेटर म्हणाला, याचा अर्थ मशीन थांबवायचंच नाही, नाहीतर सूत भिजत राहतं. दुसरा म्हणाला, नाही, मशीन थांबवायचं आणि मग सूत बुडालेलं ठेवायचं नाही. दोघेही मराठी बरोबर वाचत होते. ‘नका’ फक्त ‘ठेवू’ला लागतं की ‘थांबवून’लाही, हे वाक्य सांगतच नाही. बोलताना आवाजाच्या चढउताराने कळतं. कागदाला आवाज नसतो. बरोबर होता दुसरा: मशीन थांबलं की धागे खळीतून बाहेर यायला हवेत, नाहीतर तेवढ्या भागावर जास्त खळ बसते आणि तो पट्टा पुढे मागावर त्रास देतो. सुधारलेलं वाक्य असं झालं: "मशीन थांबल्यावर सूत खळीत बुडालेले ठेवू नका. बुडवणारा रोलर वर उचला."

तर गाइडमधला नियम शेवटी असा उतरला: सूचनेच्या वाक्यात मुख्य क्रियापद एक, ‘-ऊन’ जास्तीत जास्त एक, आणि नकार असेल तर ‘-ऊन’ शून्य. शब्दांची मर्यादा सूचनेला बारा, वर्णनाला अठरा. हे आकडे शास्त्रीय नाहीत. तीन ऑपरेटरांकडून वाचून घेताना ते कुठे मागे वळून वाचतात त्यावर खुणा केल्या, आणि बाराच्या पुढे खुणा दाट होऊ लागल्या, एवढाच त्याचा आधार. दुसऱ्या टीमला दुसरा आकडा सापडेल.

दुहेरी नकाराचंही एक वाक्य होतं: "दाब शून्यावर येत नाही तोपर्यंत झाकण उघडू नका." अस्सल मराठी आहे, चूक काहीच नाही. तरी आम्ही "दाब शून्यावर आल्यावरच झाकण उघडा" केलं. त्या ‘च’वर सगळा भार आहे, म्हणून छपाईत तो शब्द ठळक.

वर्णनाच्या प्रकरणांना मात्र मी सुरुवातीला बाराचीच मर्यादा लावली आणि पस्तावले. "खळ पेटीत असते. पेटी तापते. वाफ पेटीला तापवते." बालवाडीचं पुस्तक! ‘कारण’, ‘म्हणून’, ‘त्यामुळे’ हे शब्द वाक्यं तोडताना आधी पडतात, आणि वर्णनाचा जीव त्यांच्यातच असतो. म्हणून तिथे अठरा, आणि ‘-ऊन’वर बंदी नाही.

या मोजणीत एक गंमत झाली. टीममधल्या मुलाने लांब वाक्यं शोधायला छोटी स्क्रिप्ट लिहिली होती, पूर्णविराम दिसला की वाक्य संपलं असं धरणारी. तिने एककांच्या प्रकरणात एकही लांब वाक्य दाखवलं नाही. आम्ही खूश. मग लक्षात आलं की त्या प्रकरणात जागोजागी ‘मि.मी.’ आहे, आणि स्क्रिप्ट प्रत्येक टिंबावर वाक्य तोडतेय. सगळ्यात लांब वाक्यं सगळ्यात छोटी ठरली होती. एककांतली टिंबं काढून टाकायचं त्याच दिवशी ठरलं.

एककं

टिंबं गेली तरी मूळ प्रश्न राहिला: मराठीत एककांची संक्षिप्त रूपं एकमेकांवर आदळतात. ‘मि.’ म्हणजे मिनिट, आणि ‘मि.मी.’मधला ‘मि.’ म्हणजे मिली. ‘से.’ म्हणजे सेकंद, सेल्सिअस आणि ‘से.मी.’मधला सेंटी. आणि ‘मी’ म्हणजे मीटर, शिवाय मी स्वतः. खळ शिजवण्याच्या तक्त्यात आमच्या दोन भाषांतरकारांनी दोन रकाने भरले होते: एकात ‘९० से.’ तापमान होतं, दुसऱ्यात ‘९० से.’ वेळ. शेजारीशेजारी. ज्याने हे पकडलं त्याला त्या दिवशी माझ्याकडून शेंगाचटणी आणि कडक भाकरी.

माझा पहिला कल देवनागरी ‘मिमी’, ‘किग्रॅ’ ठेवायचा होता. वर्तमानपत्रांत तेच चालतं. पण आंतरराष्ट्रीय एककपद्धतीत mm, kg, °C ही कुठल्या भाषेतली संक्षेपं मानली जात नाहीत, ती चिन्हं आहेत आणि भाषा बदलली तरी बदलत नाहीत. आणि याहून मोठं कारण मशीनवरच होतं. दाबमापकावर bar छापलंय, पॅनेलच्या पडद्यावर °C दिसतं. ऑपरेटर पुस्तिकेतून मान वर करतो तेव्हा त्याला तेच चिन्ह दिसायला हवं. म्हणून चिन्ह मापकावर असेल तसंच. पहिल्यांदा येईल तिथे मराठी नाव: ‘मिलिमीटर (mm)’. पुढे फक्त mm. वेळेला मात्र संक्षेप नाहीच: ‘मिनिटे’, ‘सेकंद’ पूर्ण लिहा. दोन अक्षरं वाचवून काही मिळत नाही.

आकड्यांचंही तेच. पुस्तिकेत 0 ते 9. देवनागरी ‘१’ घाईत 9 वाटतो आणि ‘४’ दिसतो 8सारखा. पडद्यावर 9 आणि पानावर ‘९’ असं दोन्ही वाचणाऱ्याला एकाच दिवसात दोन लिप्यांचे आकडे ताडून पाहायला लावणं धोक्याचं आहे. युरोपातून आलेल्या मूळ मजकुरात दशांशाच्या जागी बऱ्याचदा स्वल्पविराम असतो हेही गाइडमध्ये आलं: ‘2,5 bar’ म्हणजे अडीच बार.

आता चिन्ह रोमन ठेवलं की मराठीचे प्रत्यय कुठे लावायचे? ‘मिमीने’ लिहिता येतं, ‘mmने’ डोळ्यांना खुपतं. टीममध्ये एक सूचना आली की प्रत्यय टाळूनच लिहू: "फट 5 mm वाढवा". इथे मी नाही म्हटलं आणि त्यावर अजून ठाम आहे. "फट 5 mm ने वाढवा" म्हणजे आहे त्यात पाचाची भर. "फट 5 mm पर्यंत वाढवा" म्हणजे एकूण पाच. फट आधी 3 असेल तर पहिल्यात ती 8 होते, दुसऱ्यात 5. प्रत्यय गाळला की दोन्ही अर्थ उघडे राहतात. म्हणून प्रत्यय ठेवायचा, चिन्हापासून एक जागा सोडून. मराठी शुद्धलेखनाच्या दृष्टीने प्रत्यय सुटा लिहिणं चूक आहे, हे माहीत आहे. रोमन चिन्हापुरती ती मुभा आम्ही लिहून घेतली. आकडा, चिन्ह आणि प्रत्यय यांच्यामधल्या जागा न तुटणाऱ्या हव्यात, नाहीतर ओळीच्या शेवटी 5 आणि पुढच्या ओळीला "mm ने" असं होतं. वर्डमध्ये ती जागा Ctrl+Shift+Space ने येते. विसरलेल्या जागा शोधायला पुन्हा रेग्युलर एक्सप्रेशन:

```
[0-9] ?(mm|bar|kg|°C)
```

ही ओळ साधी जागा असलेले किंवा जागाच नसलेले आकडे दाखवते. न तुटणारी जागा तिला दिसत नाही.

कक्षेसाठी ‘ते’: "85 ते 90 °C". आडवी रेघ नको. तापमानाआधी रेघ आली की ती उणे वाटते.

आता सगळ्यात अवघड मुद्दा. पुस्तिका bar मध्ये, पण अण्णांच्या सायझिंगमधल्या जुन्या लाइनच्या मापकावर kg/cm² आणि psi. शिवाय बोलण्यात सगळे ‘किलो’ आणि ‘पौंड’. "बॉयलर सात किलोवर आहे" असं ऐकलं की ते वजन नसून दाब आहे. आपण रूपांतर करून द्यावं का? गाइड म्हणते, भाषांतरकाराने स्वतःहून रूपांतर करायचं नाही. 1 bar म्हणजे सुमारे 1.02 kg/cm² आणि सुमारे 14.5 psi. त्या हिशोबाने 3.5 bar चे 3.57 kg/cm² होतात. शाळेतल्यासारखं जवळच्या आकड्यावर नेलं तर 3.6. पण 3.5 bar ही वरची मर्यादा आहे, आणि 3.6 लिहिलं की आपण मर्यादा ओलांडायला सांगतोय. वरची मर्यादा खाली उतरवायची: 3.5 kg/cm². psi मध्ये 50.8 येतात, तिथे 51 नाही, 50. खालची मर्यादा असेल तर उलट, वर चढवायची. हे सगळं आम्ही मांडून कंपनीला पाठवलं आणि त्यांनी सही करून दिलेले आकडेच कंसात गेले: "3.5 bar (3.5 kg/cm²)". पुढे तिसऱ्याच एका वाचकाने फोन करून विचारलं की bar आणि kg/cm² एकच का, छपाईची चूक आहे का? आता त्या तक्त्याखाली एक तळटीप आहे.

सध्या कुठे आहोत

चौदा पानांची गाइड आता साडेतीन पानांची आहे. त्यातलं अर्धं पान फक्त उदाहरणं: आधीचं वाक्य, नंतरचं वाक्य, आणि मध्ये ‘कोण करायचं?’ असा रकाना. नवीन माणूस टीममध्ये आला की आधी तो रकाना भरायला देते, भाषांतर नंतर.

कंपनीच्या वकिलांचा एक आक्षेप अजून सुटलेला नाही. हमीच्या अटींत त्यांना ‘करण्यात येईल’ हवंच आहे; ‘कंपनी भाग बदलून देईल’ असं लिहिलं तर कोण देईल हे फार स्पष्ट होतं म्हणे. ती दोन पानं आम्ही त्यांच्या म्हणण्याप्रमाणे ठेवली आणि गाइडमध्ये अपवाद म्हणून नोंदवली.

छापील प्रत घेऊन मी पुन्हा सायझिंगवर गेले. अण्णांनी चारही पायऱ्या एका दमात वाचल्या. मग तिसऱ्या पायरीवर बोट ठेवून म्हणाले, "फिटरला बोलवा लिहिलंय ते बरोबर. पण रात्रपाळीला फिटर नसतो की ओ." तो प्रश्न यादीत घातला आहे.